पंधरा अक्षरं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे डबलराव म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर सगळे 'काका'. पण पाठ फिरली की डबलराव. कारण हा माणूस एकही गोष्ट एकदा करून थांबत नसे. ड्रॉवरला कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत यायचं, परत ओढायचं. मेल पाठवायच्या आधी दोनदा वाचायचा आणि पाठवल्यावर तिसऱ्यांदा. फोनवर कुणी काही सांगितलं की "बरं, मी वाचून दाखवतो" म्हणून तेच सगळं त्यालाच ऐकवायचं. त्यांच्या बायकोने एकदा मला सांगितलं होतं, "अहो, लग्नातसुद्धा यांनी मला विचारलं, तुम्ही नक्की हो म्हणालात ना?"

मला या सवयीचा वैताग यायचा, आणि मी तो लपवतही नसे. माझं टेबल त्यांच्या शेजारी. दिवसभर कानावर काय, तर "एकदा परत बघू." अहो, बघितलं ना आत्ता! पण नाही.

आमची कंपनी लहान. खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही आठ माणसं आणि एक कायम गळणारा एसी. दोन गल्ल्या सोडून एक डायलिसिस सेंटर आहे, त्यांचं रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आमचं. मूळ लिहिलेलं डबलरावांनी, बारा वर्षांपूर्वी. नंतर त्यांचे गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नवी माणसं आली, आणि ते हळूहळू कोपऱ्यातले काका झाले. जुन्या कोडमध्ये काही अडलं की विचारायचे, एवढंच. निवृत्तीला चार महिने राहिले होते. सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं होतं.

आणि मी त्याला नवा चेहरा द्यायचा ठरवला. जुनी पानं बघवत नव्हती हो. पान तयार करायला मी नवीन टेम्प्लेट इंजिन बसवलं. म्हणजे पानाचा साचा वेगळा, माहिती वेगळी, इंजिन माहिती साच्यात भरतं आणि ब्राउझरला देतं. महिनाभर खपले. मुलाची परीक्षा, सासऱ्यांचा दवाखाना आणि हे. ज्या दिवशी चालू केलं त्या दिवशी मला आनंद वगैरे काही झाला नाही, फक्त झोप आली.

दुसऱ्याच दिवशी सेंटरमधून मोठ्या सिस्टरचा फोन. "ताई, स्क्रीनवर कचरा येतोय. बीपीच्या पुढे ते 'पेक्षा कमी'चं चिन्ह असतं ना, तिथे काहीतरी एलटी, सेमीकोलन येतंय."

काय झालं असणार ते मला तेव्हाच कळलं. वेबपानात < हे चिन्ह आलं की ब्राउझरला वाटतं, आता सूचना सुरू झाली. म्हणून साधा मजकूर दाखवायचा तर ते चिन्ह &lt; असं वेष बदलून पाठवतात. ब्राउझर ते वाचतो आणि पडद्यावर < दाखवतो. याला एस्केप करणं म्हणतात. डबलरावांनी बारा वर्षांपूर्वी ते काम मजकूर सेव्ह करतानाच करून टाकलं होतं, त्यामुळे डेटाबेसमध्येच &lt; पडलेलं असायचं. माझं नवं इंजिन शहाणं, ते दाखवताना आपणहून एस्केप करतं. त्याने त्यातल्या & या चिन्हालाही वेष चढवला आणि ब्राउझरला &amp;lt; पाठवलं. ब्राउझरने एक वेष उतरवला आणि खाली राहिलेलं &lt; जसंच्या तसं पडद्यावर दाखवलं. एकाच मजकुराला दोनदा एस्केप.

"सिस्टर, दिसायला घाण आहे, पण माहिती बरोबर आहे," मी म्हटलं. "एलटी दिसलं की कमी समजा. पुढच्या आठवड्यात करते."

"बघा हं ताई. मला सगळे रुग्ण पाठ आहेत, पण मी सुट्टीवर चाललेय. नवीन मुलगी असणार आहे."

"हो हो," मी म्हटलं, आणि यादीत त्यापुढे लिहिलं: तातडीचं नाही.

हे मी माझ्या हाताने लिहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचा आठवडा दुसऱ्याच कामात गेला. सेंटरमध्ये कामं अडली नव्हती, मग मीही विसरले. बरोबर दोन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास साहेब माझ्या टेबलाशी आले. साहेब म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नाही, पण सतत घाईत.

"सेंटरच्या डॉक्टरांचा फोन होता. म्हणे स्क्रीन वाचता येत नाहीये. काय भानगड आहे?"

मी सांगितलं.

"मग त्या साच्यात एक शब्द टाकायचा असतो ना, की याला एस्केप करू नको? टाक आणि मोकळी हो. जेवायच्या आधी होऊन जाईल."

मलाही तेच हवं होतं. मी तो शब्द टाकला, चाचणीसाठी ठेवलेला खोटा रुग्ण उघडला, आणि झालं की! 'बीपी < 100' स्वच्छ. मी खुर्ची मागे ढकलली आणि आळस दिला.

"आणखी एक रुग्ण उघडून बघू," शेजारून आवाज आला.

"काका, झालंय."

"हो, झालंय. पण आणखी एक."

"तुम्हाला ना, स्वर्गात गेलात तरी दार ढकलून बघाल बंद झालंय का." हे मी बोलले. बोलून गेले.

ते हसले. "बघीनच. उघडा ना, खराच उघडा, चाचणीचा नको."

मी कपाळावर आठ्या घालून खरा रुग्ण उघडला. आणि त्याच्या टिपणात 'बीपी &amp;amp;amp;lt; 100' अशी माळच्या माळ.

मी म्हटलं, "हे काय आता?"

डबलरावांनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची माझ्याकडे सरकवली. "डेटाबेसमध्ये बघू. पान खोटं बोलतं, तिथे खरं असतं."

बघितलं. माळ तिथेच होती, आणि एका 'amp;' ने आणखी लांब. मग मला कळलं.

डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा येतो. प्रत्येक वेळी त्याचं वजन बदलतं, म्हणून सिस्टर टिपण उघडते, पहिल्या ओळीतलं वजन बदलते आणि सेव्ह करते. पूर्वी ती चौकटीत < बघायची, सेव्ह झाल्यावर &lt; व्हायचं, परत उघडलं की <. चक्र पूर्ण. आता माझ्या इंजिनामुळे तिला चौकटीतच &lt; दिसत होतं. ती सेव्ह करायची, आणि डबलरावांचा जुना कोड इमानेइतबारे त्यालाही एस्केप करायचा. पुढच्या वेळी आणखी एकदा. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. दर भेटीला एक थर. साहेबांचा तो एक शब्द वरचा एकच थर काढत होता. चाचणीच्या रुग्णाला कुणी हात लावला नव्हता, म्हणून तो छान दिसला.

"शिवाय तो शब्द ठेवायचा नाही," डबलराव म्हणाले. "नातेवाईक घरून फॉर्म भरतात ना, तो या पानावर येतो. तो सेव्ह करताना एस्केप होत नाही, तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय. उद्या कुणी त्यात वेडंवाकडं टाकलं तर ते सिस्टरच्या मशिनवर सूचना म्हणून सरळ चालेल."

"बरं, नाही ठेवत," मी म्हटलं. "सेव्हमधलं काढायचं, दाखवतानाचं ठेवायचं, आणि जुना मजकूर सोलून काढायचा. एक दिवस जाईल. साहेबांना सांगते."

"थांबा." ते पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल. "हे टिपण संपलं कुठे?"

"म्हणजे?"

"शेवट बघा. पूर्णविराम नाहीये. मोठ्या सिस्टर पूर्णविराम दिल्याशिवाय सोडत नाहीत. मी बारा वर्षं वाचतोय."

मी शेवट बघितला. वाक्य पूर्ण वाटत होतं. पूर्णविराम मात्र नव्हता. मला चिडायचं होतं, पण जमेना.

"या रकान्यात किती अक्षरं मावतात?" त्यांनी विचारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं, कारण रकाना त्यांनीच बनवला होता. "दोनशे पंचावन्न. मात्रा, वेलांटी, मोकळी जागा, हेसुद्धा डेटाबेस एकेक अक्षर धरतो."

जास्त झालं तर आमचा तो जुना डेटाबेस तक्रार करत नाही. मुकाट्याने कापतो. प्रत्येक थराला प्रत्येक चिन्हामागे चार अक्षरं वाढत होती, आणि शेवटचा मजकूर कड्यावरून ढकलला जात होता.

मी बरोबर दोनशे पंचावन्न अक्षरं झालेली टिपणं शोधली. एकोणीस निघाली.

एकोणीस माणसांच्या टिपणांचा शेवट गेला होता. आणि शेवटीच तर सिस्टर महत्त्वाचं लिहायच्या: काय टाळायचं, काय द्यायचं नाही. डबलरावांनी फक्त विचारलं, "बदल करण्याआधीच्या रात्रीचा बॅकअप आहे ना?"

"आहे."

"एकोणीस काढा. आधी आजच्या यादीतले."

आजच्या यादीत त्यातला एकच होता. दुपारची पाळी, खुर्ची सात. एक म्हातारे शिंपी. त्यांना मी पाहिलं होतं, सेंटरमध्ये काम करायला गेले होते तेव्हा माझ्या ओढणीचा उसवलेला काठ बघून म्हणाले होते, "पोरी, दोन टाके घाल, नाहीतर सगळी जाईल." बॅकअपमध्ये त्यांचं टिपण दीडशे अक्षरांचं. त्यात सहा चिन्हं. दर सेव्हला चोवीस अक्षरं वाढली, आणि मागच्या भेटीत, पाचव्या सेव्हला, शेवटची पंधरा कापली गेली.

त्या पंधरा अक्षरांत होतं: 'हेपरिन देऊ नये.'

डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून जवळजवळ प्रत्येकाला हेपरिन देतात. शिंप्यांना दोन वर्षांपूर्वी त्याच औषधाने रक्तातल्या पेशी कमी होऊन पायात गुठळ्या झाल्या होत्या. पुन्हा दिलं तर माणूस जाऊ शकतो. मागच्या भेटीपर्यंत ते स्क्रीनवर होतं. आज नव्हतं. मोठ्या सिस्टर सुट्टीवर. घड्याळात बारा वाजून पाच. पाळी बाराला सुरू होते.

मी फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. डॉक्टरांचा मोबाइल बंद. मी तिसऱ्यांदा नंबर दाबत होते तेव्हा बघते तर शेजारची खुर्ची रिकामी. डबलराव जिन्यावर होते, एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर. त्यांचा ड्रॉवर उघडा पडलेला. किल्ली कुलपातच.

मी धावले. झेरॉक्सवाल्यापाशी त्यांना गाठलं.

"तुम्ही पुढे पळा," ते म्हणाले. "मी येतोच. पळा हो!"

मी पळाले. चाळिशी उलटल्यावर भर दुपारी दोन गल्ल्या पळणं काय असतं ते ज्याचं त्याला कळतं. सेंटरच्या दारात चपला काढायच्या असतात, मी तशीच आत घुसले. खुर्ची सातवर शिंपी रेलून बसले होते, हातात सुया टोचलेल्या, नळ्या अजून जोडायच्या. नवीन सिस्टर, पंचविशीची असेल, ट्रेमधून सिरिंज उचलत होती. मॉनिटरच्या कडेला तिने एक चिठ्ठी चिकटवली होती: 'amp lt म्हणजे कमी'. माझीच शिकवण.

"हेपरिन नका देऊ!" मी ओरडले. सगळ्या खुर्च्यांवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"तुम्ही कोण?" सिस्टर म्हणाली.

मी काय सांगणार? मी स्क्रीनवाली. मला धाप लागली होती. तेवढ्यात दारातून डबलराव आले, घामाने निथळत, आणि सरळ तिच्यासमोर उभे राहिले. "सिस्टर, त्यांच्या टिपणाचा शेवट आमच्या चुकीने कापला गेलाय. त्यात हेपरिन देऊ नये असं होतं. त्यांची कागदाची फाईल असेल. काढा, तुम्ही स्वतः बघा. आमच्यावर विश्वास ठेवू नका."

ती फाईल आणायला गेली. दुसऱ्याच पानावर लाल पेनाने लिहिलं होतं. तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, अगदी हळू. मग नळ्यांकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "नळ्या हेपरिनच्या पाण्यानेच धुतल्यात मी. अजून जोडल्या नव्हत्या."

"मग त्या फेका," मागून डॉक्टरांचा आवाज आला. ते आतल्या खोलीतून आले होते. "नवीन सेट. नुसत्या सलाइनने."

सेट बदलायला अर्धा तास गेला. फोनचा रिसीव्हर रिसेप्शनवर बाजूला काढून ठेवलेला होता, म्हणून एंगेज. मी तो जागेवर ठेवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. नवीन सिस्टर माझ्याशेजारी भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, "दुपारच्या पाळीला मी आजच पहिल्यांदा आलेय. ते म्हणाले होते मला. म्हणाले, बाळा, मला ते इंजेक्शन चालत नाही. मी स्क्रीन बघितली. म्हटलं, आजोबा, इथे तसं काही लिहिलेलं नाही. ते गप्प बसले."

तिची चूक नव्हती. आम्हीच सगळ्यांना बारा वर्षं सांगत आलो होतो, की कागद बघू नका, स्क्रीन बघा.

परत येऊन आम्ही आधी जुना साचा लावला, म्हणजे आणखी थर चढायचे थांबले. मग उरलेली अठरा टिपणं बॅकअपमधून काढली. नुसती चिकटवून भागत नव्हतं, कारण मधल्या दोन आठवड्यांत वजनं बदलली होती. डबलराव फोनवर सेंटरच्या फाईलींशी ताडून एकेक ओळ मोठ्याने वाचत होते. "बीपी शंभरपेक्षा कमी झाल्यास पाणी काढणं थांबवा. बरोबर? मी परत वाचतो." मी टाइप करत होते. चौथ्या टिपणाला ते दमून एकदाच वाचून पुढे निघाले, तर मीच म्हटलं, "काका, परत वाचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत वाचलं.

साहेब दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा चहा ठेवून गेले. आम्ही तो प्यायलोच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नीट दुरुस्ती केली. मजकूर जसा लिहिला तसाच साठवायचा, आणि एस्केप फक्त दाखवताना, एकदाच. रकाना मोठा केला, आणि मजकूर मावला नाही तर आता डेटाबेस सेव्हच करत नाही, लाल अक्षरांत सांगतो. सेव्ह करतानाची ती जुनी ओळ डबलरावांनी स्वतः काढली. तिच्यावर त्यांनी बारा वर्षांपूर्वी टीप लिहिली होती: 'सुरक्षिततेसाठी. काढू नये.' एका रुग्णाच्या पत्त्यातल्या चिन्हांनी पान मोडलं होतं, त्या दिवशी लिहिलेली.

"ओळ बरोबर होती काका," मी म्हटलं. "मीच न बघता वर दुसरी बसवली."

"तुम्ही बघितलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, कोपऱ्यातल्या माणसाने किती वेळा तोंड घालायचं." मग चष्मा पुसत बसले.

मला रडू आलं. मी रडले, टेबलावरच, आणि कुणाला दिसलं असेल तर दिसो.

चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ड्रॉवरची किल्ली माझ्या हातात दिली, जिन्यापर्यंत गेले, परत आले, कुलूप ओढून बघितलं. कुणी हसलं नाही. आता फोन केला की बायको सांगते, "गॅस बघायला गेलेत."

मी अजून सेंटरला जाते. मोठ्या सिस्टर परत आल्यात, नवीन मुलगीही आहे, ती चिठ्ठी तिने काढून टाकली. शिंपी ठरल्या दिवशी येतात. पण खुर्चीत बसण्याआधी आता ते उभे राहतात आणि स्क्रीनवरचं टिपण मोठ्याने वाचायला लावतात. परवा मी प्रिंटर बघायला गेले होते तेव्हा ती नवीन सिस्टर वाचत होती, वजनापासून शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून झालं. शिंप्यांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोरी, संपलं का इथेच? की पुढे आणखी काही होतं?"